बावीस नंबरचं कार्ड

"पन्नास तास असोत नाहीतर पाचशे, मिनिटन् मिनिट पाहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही," असं संकलक येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत असे. येणारे-जाणारे म्हणजे बहुतेक कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी. त्यांच्या फिल्मा असायच्या बारा मिनिटांच्या: आग विझवायचं नळकांडं कसं धरावं, शिडीवर चढताना खिशात काय ठेवू नये, वगैरे. चित्रण सगळं मिळून दीड-दोन तासांचं. त्यामुळे हे व्रत पाळणं त्याला आजवर कधी जड गेलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याच्या धाकट्या बहिणीनं खरोखरच पन्नास तास आणून त्याच्या टेबलावर ठेवले.

"कॅमेऱ्याची एकसष्ट कार्डं आहेत, दादा," ती म्हणाली. "पूर्ण एक हंगाम. बाबांचा शेवटचा."

त्यांचे बाबा म्हणजे नगरपालिकेच्या तरणतलावावरचे पोहण्याचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवून अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. आता तलाव बुजवून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती, आणि धाकटीनं नोकरी सोडून तो शेवटचा हंगाम चित्रित केला होता. सत्तर मिनिटांचा माहितीपट करायचा होता. दोन संकलकांनी पन्नास तास हा आकडा ऐकूनच हात जोडले. तिसरा उरला घरचा.

संकलकानं होकार दिला तो बहिणीच्या प्रेमापोटी, असं आईला वाटलं. बहिणीलाही तसंच वाटलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. अर्ध्या गावाला पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या थोरल्या मुलाला पोहता येत नव्हतं. सात वर्षांचा असताना तो तीन दिवस तलावावर गेला होता. तिन्ही दिवस उथळ टोकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून कापत उभा राहिला होता. तिसऱ्या दिवशी बाबा काठावरून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." तो गेला नाही. त्यानंतर पस्तीस वर्षं या विषयावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. बाबा आपल्याविषयी काय म्हणतात, हे त्याला ऐकायचं होतं. पन्नास तास बडबडणारा माणूस थोरल्या मुलाविषयी एखादं वाक्य तर बोलेलच, असा साधा हिशेब त्यानं केला.

त्याची खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खाली यंत्र सुरू झालं की जमिनीतून बारीक घरघर यायची आणि तेवढा वेळ त्याला हात बांधून बसावं लागायचं. पहिले सहा दिवस त्यानं व्रत मोडलं नाही. सकाळी नऊला बसायचा, एकेक कार्ड अथपासून इतिपर्यंत पाहायचा, वहीत वेळ टिपायचा, चांगला तुकडा दिसला की वेगळा काढून निवडीच्या रांगेत लावायचा. बाबा तिकिटाच्या खोलीत बसून बोलत होते. बाबा काठावर उभे राहून बोलत होते. बाबा पाण्याची पातळी, क्लोरीनचं प्रमाण, ओल्या फरशीवर पळणाऱ्या पोरांचं वर्तन या विषयांवर अव्याहत बोलत होते. नऊ कार्डं झाली तरी थोरल्याचं नाव नाही.

सातव्या दिवशी स्टेनोबाईंचे कागद आले, आणि व्रत संपलं.

स्टेनोबाईंनी तीस वर्षं न्यायालयात साक्षी टाइप केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या फिल्मवाल्यांच्या मुलाखती उतरवून द्यायच्या. एकसष्टच्या एकसष्ट कार्डांतला प्रत्येक शब्द त्यांनी उतरवला होता आणि समासात वेळ घातली होती: तास, मिनिट, सेकंद. माणूस खोकला की "खोकतात" आणि हुंकारला की "हं". एकंदर अकराशे पानं. त्यांनी ती संगणकावरही पाठवली होती, आणि तिथेच संकलकाचा पाय घसरला. संगणकावर शब्द शोधता येतो.

त्यानं "मुलगा" शोधलं. एकशे त्रेचाळीस ठिकाणी सापडलं. पोस्टमनचा मुलगा, डॉक्टरांचा मुलगा, चष्मा लावून पाण्यात उतरणारा मुलगा. जगातले झाडून सगळे मुलगे बाबांना तोंडपाठ होते. "मुलगी" शोधलं, तर त्यात एकोणीस वेळा "माझी मुलगी" निघाली. ती कॅमेऱ्यामागेच उभी होती, तेव्हा तिला मोजण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यानं "थोरला" शोधलं. सापडलं एकदाच. कार्ड अडतीस, तिकिटाच्या खोलीत:

"थोरला ना? त्याचं कसं होतं... (फोन वाजतो.)"

पुढे दोन मिनिटं बाबा फोनवर कुणाला तरी तलावाची वेळ सांगत होते. फोन ठेवल्यावर कॅमेऱ्यामागून धाकटीनं विचारलं होतं, "बाबा, आपण क्लोरीनचं बोलत होतो ना?"

त्यानं तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "पुन्हा विचारलं का नाहीस?"

"कशाबद्दल?"

"कार्ड अडतीस. बाबा काहीतरी सांगत होते आणि फोन आला."

"अरे, उजेड चालला होता," ती म्हणाली. "आणि क्लोरीन राहिलं होतं."

त्यानं फोन ठेवला. पण त्या दिवसापासून तो कार्डं पाहीनासा झाला. उरलेली निवड त्यानं कागदावरूनच केली. छापील मजकूर वरवर चाळायचा, बहिणीनं निरुपयोगी ठरवलेली कार्डं सोडून द्यायची, बरं वाटलं तेवढ्याच जागी जाऊन तुकडा उचलायचा. पन्नास तासांचे नऊ तास झाले. तोंडानं मात्र तो अजूनही मिनिटन् मिनिटाची भाषा करत होता, आणि ज्याला-त्याला ती खरी वाटत होती.

मग धाकटीनं कागदी मांडणी सुरू केली. ती स्वतःच्या टिपणवहीवरून चालली. वहीत प्रत्येक कार्डापुढे तिनं चित्रीकरणाच्या दिवशीच चांदणी किंवा फुली मारून ठेवली होती. चांदणीवाल्या कार्डांचा मजकूर तिनं छापून आणला, कात्रीनं वाक्यं कापली आणि संकलकाच्या खोलीच्या लांब भिंतीवर चिकटवायला लागली. प्रत्येक चिठ्ठीवर कार्डाचा नंबर आणि वेळ, इथपासून तिथपर्यंत. निळ्या चिठ्ठ्या बाबांच्या, पिवळ्या पोरांच्या, पांढऱ्या नुसत्या दृश्यांच्या. एकूण सात प्रकरणं. तीन आठवडे बहीणभाऊ भिंतीपुढे उभे राहून चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करत होते, आणि तेवढ्या काळात संगणकावर एकही काप बसला नाही.

"कागदावर मरू दे काय मरायचं ते," धाकटी म्हणायची. "तिथे मारणं सोपं असतं."

"आणि ज्याला नंबर नाही ते?"

"ज्याला नंबर नाही ते माझ्या फिल्ममध्ये नाही." हे ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. संकलकानं मान डोलावली.

भिंतीप्रमाणे त्यानं तुकडे जोडले तेव्हा लांबी भरली पावणेतीन तास. कागदावर फक्कड वाटणारी वाक्यं पडद्यावर कंटाळवाणी निघाली, कारण बाबा प्रत्येक वाक्याच्या मधोमध पोरांवर शिट्टी वाजवत होते. कापत कापत नव्वद मिनिटांवर आले. सहावं प्रकरण होतं "भीती". त्यात पाण्याला घाबरणारी पोरं होती. ते प्रकरण जमत नव्हतं. मधे कुठेतरी खड्डा पडला होता, आणि खड्ड्यात काय पडलंय हे संकलकाला चांगलंच माहीत होतं.

एका दुपारी धाकटी जेवायला गेलेली असताना त्यानं गंमत म्हणून एक गोष्ट केली. निदान स्वतःला त्यानं सांगितलं ते गंमत म्हणूनच. कार्ड अडतीसमधून त्यानं उचललं: "थोरला ना? त्याचं कसं होतं..." आणि सत्तेचाळीसमधून, जिथे बाबा पोस्टमनच्या मुलाविषयी बोलत होते, तिथून उचललं: "घाबरायचा. थरथर कापायचा. पण रोज यायचा. न घाबरणाऱ्याला शिकवण्यात कसलं आलंय कौतुक? खरी हिंमत त्याच्यात होती."

दोन्ही तिकिटाच्या खोलीतलंच होतं. बाबांचा आवाज दोन्हीकडे तोच, किंचित बसलेला. अडचण एकच होती. अडतीसमध्ये मागे पाण्याच्या पंपाची घूं घूं होती आणि सत्तेचाळीस सोमवारचं, म्हणजे तलावाला सुट्टी आणि पंप बंद. त्यानं दुसरीकडून नुसत्या पंपाचा आवाज घेऊन खाली अंथरला. सांधा बाबांच्या श्वासावर बसवला. चेहरा हलला असता, म्हणून वर दृश्य टाकलं उथळ टोकाच्या लोखंडी दांड्याचं. पाच मिनिटांचं काम होतं. मग ते त्यानं अकरा वेळा ऐकलं.

अकराव्या वेळी त्याचे डोळे भरून आले. स्वतःच्या हातानं शिवलेल्या बाहुलीनं आपल्याला हाक मारावी आणि आपण ओ द्यावी, त्यातला प्रकार होता, हे त्याला कळत होतं. कळूनही त्यानं ते पुसलं नाही.

उद्या काढू, उद्या काढू म्हणत असतानाच धाकटीनं नव्वद मिनिटांचा कच्चा काप, म्हणजे तोवर जोडलेली फिल्म, पाहायला मागितला. सहाव्या प्रकरणात ते आलं आणि ती खुर्चीत सरळ झाली. "दादा! हे कुठे होतं?"

"अडतीसमध्ये," तो म्हणाला. अर्धं खरं होतं.

"मला आठवतसुद्धा नाही रे! मीच तिथे उभी असेन आणि मला आठवत नाही!" तिनं नाक पुसलं. "म्हणून म्हणते, मिनिटन् मिनिट पाहणारा माणूस लागतो."

आता सांगावं तर तिच्या आनंदावर पाणी, आणि न सांगावं तर गळ्यात धोंड. त्यानं दुसरं निवडलं. भिंतीवर सहाव्या प्रकरणात तिनं स्वतः उत्साहानं निळी चिठ्ठी चिकटवली आणि नंबर लिहिला "३८". वेळेची जागा तिनं मोकळी ठेवली. "तू घाल," म्हणाली. तो घालतो म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं तो काप आई-बाबांना घरी दाखवला. तसा तिनं बाबांना शब्दच दिला होता. बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले आणि चित्रातल्या पोरांना सूचना देऊ लागले: "कोपर वर! कोपर!" सहावं प्रकरण आलं. दांडा दिसला. बाबांचा आवाज म्हणाला, खरी हिंमत त्याच्यात होती. खुर्चीतले बाबा गप्प झाले. आईनं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा थोरल्याकडे. संकलकाला वाटलं, आता म्हणतील, हे मी कधी बोललो? आणि त्यात चूक काहीच नव्हती.

संपल्यावर धाकटीनं हळूच विचारलं, "बाबा, ते दादाबद्दलचं... राहू दे ना?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे की. म्हणालो होतो मी. चांगलं आठवतंय मला."

संकलक त्या दिवशी घरी पायी गेला. साडेतीन मैल. वाटेत तो स्वतःशी वकिली करत होता. बोलणारा स्वतःच म्हणतोय की मी बोललो, मग ते खोटं कसं? माणूस मनात म्हणतो आणि तोंडानं म्हणायचं राहून जातं. आपण फक्त तेवढं अंतर कापलं. संकलकाचं कामच ते. घरी पोचेपर्यंत तो खटला जिंकला होता. त्या रात्री पस्तीस वर्षांत प्रथमच त्याला बाबांविषयी काहीही वाईट वाटलं नाही, आणि हे सुख चोरीचं आहे हे ठाऊक असूनही त्यानं ते अंगभर पांघरून घेतलं.

पण त्या खटल्यात स्टेनोबाईंची साक्ष राहिली होती.

काप नक्की होत आला की फिल्ममधल्या प्रत्येक वाक्याची यादी करावी लागते: वाक्य, कार्ड, वेळ. पडद्याखाली येणारी अक्षरं त्यावरूनच बनतात. धाकटीनं ते काम अर्थातच स्टेनोबाईंना दिलं. चौथ्या दिवशी बाई स्वतःच जिने चढून खोलीवर आल्या, हातात कागद, कपाळावर आठ्या. बहीणभाऊ दोघंही तिथेच होते.

"हे वाक्य मी टाइप केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"कुठलं, बाई?" धाकटीनं विचारलं.

"सहाव्या प्रकरणातलं. 'थोरला ना' पासून 'हिंमत' पर्यंत. तीस वर्षांत माझ्या हातून एक शब्द सुटलेला नाही. न्यायाधीशांची शिंकसुद्धा सुटलेली नाही. आणि तुम्ही मला न उतरवलेलं वाक्य दाखवताय. मी दोन रात्री झोपले नाही."

"बाई, सुटलं असेल एखादं. पन्नास तास..."

"सुटलेलं नाही." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "पहिली दोन वाक्यं अडतीस, वेळ एकवीस चाळीस. त्यानंतर फोन. 'घाबरायचा' इथपासून सत्तेचाळीस, आणि ते पोस्टमनच्या मुलाचं आहे. रोज यायचा तो पोस्टमनचा मुलगा. दोन वेगळ्या दिवसांची साक्ष एका माणसाच्या तोंडी एका दमात घातली तर आमच्याकडे त्याला काय म्हणायचे, ते मी इथे सांगत नाही."

खाली दाताचं यंत्र सुरू झालं. पहिल्यांदाच संकलकाला त्याचा आधार वाटला. पण ते थांबलं, आणि धाकटी अजून त्याच्याकडेच पाहत होती.

"दादा, तू जोडलंस?"

"जोडलं."

"माझ्या फिल्ममध्ये? बाबांच्या तोंडी?" तिचा आवाज चढला. "अरे, ही काय तुझी आगीच्या नळकांड्याची फिल्म आहे? मी रडले त्याच्यावर! भिंतीवर चिठ्ठी लावली मी स्वतःच्या हातानं!"

"बाबा म्हणाले ना, मी बोललो होतो म्हणून."

"बाबांना आपण काल काय जेवलो तेही आठवत नाही!" ती भिंतीपाशी गेली, वेळेची जागा मोकळी असलेली ती निळी चिठ्ठी तिनं ओढून काढली. भिंतीचा रंगही थोडा निघाला. "का पण? एवढं सांग. का?"

आता मात्र त्याला खोटं सुचलं नाही. "एकसष्ट कार्डांत ते माझ्याविषयी एक वाक्य बोलले नाहीत," तो म्हणाला. "एकशे त्रेचाळीस मुलगे आहेत त्यांच्यात. मी नाही. मी सगळं पाहिलं."

"सगळं पाहिलंत?" स्टेनोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बावीस कसं नाही पाहिलंत?"

दोघंही त्यांच्याकडे वळले.

"बावीसमध्ये काही नाही," धाकटी म्हणाली. तिनं टिपणवही उघडली. बावीस नंबरपुढे ठसठशीत फुली होती आणि तिच्याच अक्षरात: पंप, आवाजाची चाचणी, उपयोग नाही. "बाबा फ्रेममध्येसुद्धा नाहीत. मी आवाजाची पातळी पाहत होते आणि ते आपले बोलत होते. हेडफोन कानाला होता, पण लक्ष सगळं काट्याकडे होतं माझं."

"तुमची काट्याकडे असेल, मी ऐकत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फुली मारली म्हणून मी गाळत नाही. मिनिट चौदापासून बघा. मुलगा हा शब्द नाही त्यात. थोरला हाही नाही."

म्हणजे संगणकाला विचारून ते सात जन्मांत सापडलं नसतं. ते सापडायला बसून पाहणं एवढंच लागत होतं. संकलकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो खुर्चीत बसला आणि त्यानं बावीस नंबरचं कार्ड लावलं.

पडद्यावर पंप होता. हिरवा रंग उडालेला, बंद. बाबांचा आवाज बाहेरून कुठून तरी येत होता.

"शिकाऊ पोरं पाण्यात असली की मी पंप लावत नाही. आवाजाला बिचकतात. ती गेली की लावायचा. आणि बिचकणाऱ्या पोराला मी तिसऱ्या दिवशी सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. असं म्हटलं की चौथ्या दिवशी हमखास येतं. हट्टानं येतं, दांडा सोडतं. चाळीस वर्षं हाच उपाय. कधी फुकट गेला नाही." थोडं थांबून आवाज म्हणाला, "एकदा गेला. घरचाच होता. सांगितलं येऊ नकोस, तर आलाच नाही. बापाचं ऐकलं त्यानं. त्या दिवशी बारा वाजेपर्यंत पंप लावला नाही मी."

बाईंच्या कागदावर यापुढे पूर्णविराम होता आणि लगेच पुढचं वाक्य. पडद्यावर त्या पूर्णविरामाला एकोणीस सेकंद लागले. एकोणीस सेकंद बंद पंप, आणि त्यामागे एक माणूस श्वास घेतोय.

"मग लावला," बाबा म्हणाले. एक हात फ्रेममध्ये आला आणि त्यानं बटण दाबलं. घूं घूं सुरू झाली.

संकलकाला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. पस्तीस वर्षं तो समजत होता की आपल्याला हाकलून दिलं. हाकललं नव्हतं. तिकडे बाप काठावर उभा होता आणि इकडे हा शहाणा मुलगा घरी आज्ञाधारकपणे बसला होता. गावातली यच्चयावत पोरं बापाचं न ऐकून पोहायला शिकली होती. रागही आला त्याला, बाबांचा आणि स्वतःचा सारखाच. धाकटीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्टेनोबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, पण समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. त्यांचं काहीही सुटलेलं नव्हतं.

धाकटीनं नवी चिठ्ठी केली. कार्ड बावीस, चौदा दहापासून पंधरा सत्तावीसपर्यंत. एकोणीस सेकंदांतला एकही सेकंद कापायचा नाही, असं तिनं खाली लिहिलं, आणि ती सहाव्या प्रकरणात, रंग निघालेल्या जागी, लावली. प्रकरण जमलं. खड्डा बरोबर त्याच मापाचा होता.

बाबांना पुन्हा दाखवणं भाग होतं. यावेळी ते आईसोबत खोलीवरच आले, जिना चढताना दोनदा थांबले, आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या पाहून म्हणाले, "एवढ्याशा फिल्मला केवढा हा पसारा!" फिल्म सुरू झाली. सहाव्या प्रकरणात पंप आला. एकोणीस सेकंद खोलीत कुणी हललं नाही. खालचं यंत्रसुद्धा योगायोगानं गप्प होतं.

दिवे लागले. बाबांचे कान लाल झाले होते.

"हे मी म्हणालो नाही," ते म्हणाले.

"बाबा, कार्ड बावीस," धाकटी म्हणाली. "मिनिट चौदा."

"असेल कार्ड. मी असलं काही बोलणारच नाही. मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे तुमच्या. ते आधीचं कुठे गेलं? हिंमतीचं?"

"ते तुम्ही म्हणाला नव्हतात, बाबा," संकलक म्हणाला. "ते मी जोडलं होतं."

"चांगलं जोडलं होतंस. तेच ठेव." बाबा उठले. "लोकांना काय दाखवायचं, मास्तर पंपापाशी रडतोय?"

"तुम्ही दिसतसुद्धा नाही आहात त्यात," आई म्हणाली. "चला आता, जिना उतरायचाय."

बाबा दारापर्यंत गेले. तिथे त्यांना चपला पटकन सापडेनात, म्हणजे समोर असूनही सापडेनात. संकलक वाकला आणि त्यानं त्या त्यांच्या पायाशी सरकवल्या. बाबांनी एका पायात चप्पल घातली आणि दुसरा पाय तसाच ठेवून ते दाराच्या कडीकडे पाहत राहिले.

"बारा नव्हे," ते म्हणाले. "साडेबारा. चुकून बारा बोललो असेन मी."

मग त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि कठड्याला धरून ते जिना उतरू लागले. आई त्यांच्या मागोमाग गेली.

धाकटी खोलीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात डोक्यावर. "कॅमेरा," ती म्हणाली. "दादा, मी आज कॅमेरा आणला नाही रे."

संकलकानं भिंतीवरची चिठ्ठी घेतली, "बारा" हा शब्द पेन्सिलीनं खोडला आणि त्यावर "साडेबारा" लिहिलं. मग त्या शब्दाला कार्डही नाही आणि वेळही नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं ते पुसून पुन्हा "बारा" केलं, चिठ्ठी जागेवर लावली, आणि बाबांना सावकाश उतरा म्हणून सांगायला तो जिन्याकडे धावला.